मोटार विकल्यानंतर पॉलिसीचा हिशेब

आमच्या धान्याच्या व्यापारात माल वखारीतून निघाला, काटा झाला आणि बिल हाती पडले, की विकणाऱ्याची जोखीम संपते. पुढे पोते भिजले काय अथवा फुटले काय, तो खरेदीदाराचा प्रश्न. या सवयीमुळे आपल्यापैकी पुष्कळ सभासद मोटारीच्या विक्रीकडेही त्याच नजरेने पाहतात. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, व्यवहार मिटला, असे त्यांना वाटते. लगेच दुसरा विचार मनात येतो की, विम्याचे सात-आठ महिने अजून शिल्लक आहेत, तेव्हा पॉलिसी रद्द करून उरलेला हप्ता परत घ्यावा. हा विचार रास्तच आहे. व्यापाऱ्याने आपला हक्काचा पैसा सोडू नये. परंतु मोटारीचा व्यवहार किल्ली दिल्याने मिटत नाही. परताव्याची घाई चुकीच्या दिवशी केली, तर काही शे रुपयांसाठी काही लाखांची जोखीम अंगावर येते. ती कशी येते, तिचे निवारण कसे करावे आणि परतावा पुरेपूर कसा पदरात पाडून घ्यावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम मालक कोण, हे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. पैसे कोणी दिले आणि गाडी कोणाच्या दारात उभी आहे, हा प्रश्न गौण ठरतो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हे अगदी स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार २००७ साली विकली गेली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली. २००९ च्या मे महिन्यात तिच्याकडून अपघात घडला आणि त्यात जीवितहानी झाली. नोंदणी-पुस्तकात मात्र पहिल्या मालकाचेच नाव राहिले होते. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी विकून दोन वर्षे होत आली होती, ती त्याच्या ताब्यातही नव्हती, तरी नोंदीतील नावाने त्याला बांधून ठेवले.

आता हे विम्याशी ताडून पाहावे. गाडी विकली, नाव अद्याप आपलेच आहे आणि आपण पॉलिसी रद्द करून बसलो. त्या अवधीत नव्या मालकाच्या हातून कोणी जखमी झाले अथवा मृत्यू पावले, तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून आपले नाव येणार आणि आपल्या पाठीशी कोणतीही विमा कंपनी उभी नसणार. परक्या माणसाच्या मृत्यूबद्दलची भरपाई त्याचे वय व मिळकत पाहून ठरते, आणि कर्त्या पुरुषाच्या बाबतीत ती सहज लाखांच्या घरात जाते. म्हणून आमचा पहिला आणि मुख्य सल्ला असा की, आधी नाव, मग पॉलिसी, मग परतावा. हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा करू नये.

नाव बदलण्याची रीत बहुतेकांस ठाऊक आहे, तरी विकणाऱ्याचा भाग कोणता, हे स्वतंत्रपणे सांगणे बरे. विक्रीची सूचना नमुना २९ वर आणि हस्तांतराचा अर्ज नमुना ३० वर द्यावयाचा असतो. वाहन त्याच राज्यात विकले असल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आर.टी.ए.कडे हस्तांतराची खबर दिली पाहिजे. घेणाऱ्यास तीस दिवसांची मुदत असते. ‘घेणारा करील’ म्हणून सह्या करून कोरे नमुने त्याच्या हाती देणे आणि नंतर विसरून जाणे, ही आपल्या बाजारातील नेहमीची पद्धत आहे. अशा वेळी निदान भरलेल्या नमुन्यांची प्रत, गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ घालून घेतलेली पोच आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आपल्या फायलीत असावी. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर त्याची नोंद निघाल्याखेरीज नाव बदलत नाही. म्हणून बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ आधीच मिळवून ठेवावा.

नाव बदलण्यास दहा-वीस दिवस लागले, तर तेवढे दिवस आपली पॉलिसी चालू राहू द्यावी. यात विकणाऱ्याचे नुकसान किती होते, हे आकड्यांत पाहिले म्हणजे मन निश्चिंत होईल.

बेगमबाजारातील एका सभासदाची मध्यम आकाराची खासगी मोटार आहे, असे धरून चालू. इंजिन १००० ते १५०० सी.सी. यांच्या दरम्यानचे. पॉलिसी १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी एक वर्षाची. तिच्या हप्त्याचे दोन भाग आहेत. एक भाग तृतीय पक्षाच्या जोखमीचा, म्हणजे रस्त्यावरील परक्या माणसाच्या नुकसानीचा. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दराप्रमाणे तो ३,४१६ रुपये धरू. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो मुळात ८,००० रुपये होता, पण पन्नास टक्के नो क्लेम बोनस वजा जाऊन ४,००० रुपये राहिला. दोन्ही मिळून ७,४१६ रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर १,३३५ रुपये. एकूण भरणा ८,७५१ रुपये.

१० ऑगस्टला गाडी विकून ताब्यात दिली. २८ ऑगस्टला आर.सी.वर नवे नाव चढले. घेणाऱ्याने २९ ऑगस्टच्या पहिल्या क्षणापासून आपल्या नावाची नवी पॉलिसी घेतली, आणि विकणाऱ्याने त्याच क्षणापासून आपली पॉलिसी रद्द करवून घेतली. १ एप्रिल ते २८ ऑगस्ट हे १५० दिवस वापरले गेले, २१५ दिवस शिल्लक राहिले. दिवसांच्या प्रमाणात परतावा काढला तर ७,४१६ ला २१५ ने गुणून ३६५ ने भागावे. ४,३६८ रुपये येतात. त्यावरील कर ७८६ रुपये मिळवून ५,१५४ रुपये होतात.

हाच सभासद घाई करून १० ऑगस्टच्या रात्रीच पॉलिसी रद्द करता, तर त्याला अठरा दिवसांचा परतावा अधिक मिळाला असता. ती रक्कम करासह सुमारे ४३२ रुपये होते. ४३२ रुपयांसाठी अठरा दिवस बिनविम्याचा नोंदणीकृत मालक म्हणून राहावे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. आमच्या मते असा सौदा कोणीही शहाणा व्यापारी करणार नाही.

आता परतावा कोणत्या पद्धतीने निघतो, हे पाहू, कारण खरी तूट येथेच पडते. इंडिया मोटार टॅरिफ २००२ सालचे. त्यात असा नियम होता की, विमेदाराने स्वतः होऊन पॉलिसी रद्द केली, तर परतावा दिवसांच्या प्रमाणात न देता अल्पमुदतीच्या कोष्टकाप्रमाणे द्यावा. त्या कोष्टकात एक महिन्यापर्यंत वार्षिक हप्त्याचे वीस टक्के कंपनी ठेवून घेई, दोन महिन्यांपर्यंत तीस, तीन महिन्यांपर्यंत चाळीस, याप्रमाणे दर महिन्यास दहा टक्के वाढत जाऊन आठ महिन्यांपर्यंत नव्वद टक्के. आठ महिने उलटले की परतावा शून्य. आमच्या उदाहरणात पाच महिने पुरते भरलेले नाहीत, म्हणून कंपनीने साठ टक्के ठेवून चाळीस टक्के, म्हणजे २,९६६ रुपये परत केले असते. करासह ३,५०० रुपये. दिवसांच्या प्रमाणातील ५,१५४ रुपयांशी तुलना करता १,६५४ रुपयांची तूट.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ११ जून २०२४ च्या सर्वसाधारण विम्यावरील मुख्य परिपत्रकाने ही स्थिती बदलली. हे प्राधिकरण आपल्याच शहरात, नानकरामगुडा येथे आहे. या परिपत्रकाप्रमाणे किरकोळ ग्राहक, म्हणजे आपल्यासारखा घरगुती विमेदार, कारण न देता केव्हाही पॉलिसी रद्द करू शकतो. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या मुदतीत एकही दावा केलेला नसेल, तर कंपनीने उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणाने परत केला पाहिजे. ‘प्रमाणाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अल्पमुदतीच्या कोष्टकाची वजावट त्यात बसत नाही.

तथापि जुने कोष्टक जुन्या छापील पुस्तिकांत आणि काही एजंटांच्या तोंडी अजून जिवंत आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थास, ज्यांचे आठ महिने उलटून गेले होते, एजंटाने ‘आता काही मिळावयाचे नाही’ असे तोंडी सांगून परत पाठविले. त्यांनी आमच्याकडे कागद आणले. चार महिन्यांची, म्हणजे हप्त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांशाची रक्कम शिल्लक होती. २०२४ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून कंपनीच्या कार्यालयास लेखी अर्ज धाडताच हिशेब दिवसांच्या प्रमाणात निघाला. तोंडी उत्तरावर माघारी फिरू नये, एवढेच यातून घ्यावयाचे.

दोन मर्यादा मात्र मान्य केल्या पाहिजेत. चालू मुदतीत एखादा दावा घेतला असेल, मग तो बंपर रंगविण्याचा दोन हजारांचा का असेना, तर या नियमाखाली परतावा मागता येत नाही. म्हणून गाडी विकण्याचा बेत ठरला असेल, तर किरकोळ दावा करण्यापूर्वी परतावा व बोनस यांचा हिशेब मांडावा. दुसरी मर्यादा दीर्घ मुदतीच्या पॉलिसीची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. अशा बहुवार्षिक पॉलिसीत जी वर्षे अद्याप सुरूच झालेली नाहीत, त्यांचा हप्ता परत मिळतो. चालू वर्षास एक वर्षाच्या पॉलिसीचा दिवसांचा नियम जसाच्या तसा लागू होईल, असे धरू नये. पेढीच्या नावावरील मालमोटारींच्या बाबतीत किरकोळ ग्राहकाचा नियम गृहीत न धरता पॉलिसीतील रद्द करण्याचे कलम आधी वाचावे.

येथे कोणी विचारील की, कायद्याने विमा गाडीबरोबर आपोआप घेणाऱ्याकडे जातो ना? होय, कलम १५७ प्रमाणे मालकी बदलताच विम्याचे प्रमाणपत्र व पॉलिसी नव्या मालकाच्या नावे झाली, असे मानले जाते, आणि त्याने चौदा दिवसांत कंपनीकडे नोंदीसाठी अर्ज करावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निकालात हे मानीव हस्तांतर तृतीय पक्षाच्या जोखमीपुरतेच धरले होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनीची संमती लागते, असे म्हटले होते. म्हणून घेणाऱ्याने जुन्या पॉलिसीच्या भरवशावर राहू नये. विकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आपली पॉलिसी काढून घेतली तर रस्त्यावरील गाडी उघडी पडते. याच कारणाने टॅरिफमध्येही अट होती की, वाहनाचा निदान तृतीय पक्षापुरता विमा दुसरीकडे उतरविल्याची खात्री करूनच पॉलिसी रद्द करावी. कंपनी घेणाऱ्याच्या नव्या पॉलिसीची प्रत मागते, ती अडवणूक समजू नये.

तेव्हा विक्रीचा सौदा ठरवितानाच विम्याचा प्रश्न बोलून घ्यावा. मार्ग दोन. एक तर पॉलिसी घेणाऱ्याच्या नावे करून द्यावी. मग कंपनीकडून विकणाऱ्यास काही मिळणार नाही, म्हणून उरलेल्या दिवसांची रक्कम गाडीच्या किमतीतच धरून घ्यावी. अथवा घेणाऱ्याने नवी पॉलिसी घ्यावी आणि आपण जुनी रद्द करावी. पॉलिसी घेणाऱ्याकडे गेली तरी विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडे जात नाही. बोनसाची सूट उरलेल्या मुदतीपुरती घेणाऱ्याकडून कंपनी वसूल करते. हे आधी न सांगितल्यास नंतर वाद होतो.

बोनस हा शब्द आला, तर त्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पुष्कळ वेळा परताव्यापेक्षा तोच मोलाचा ठरतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. एका वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षांनंतर पन्नास टक्के, अशी त्याची पायरी आहे. आमच्या सभासदाने पुढे नवी मोटार घेतली आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १६,००० रुपये निघाला, असे समजू. पन्नास टक्के बोनसाने तो ८,००० होईल. परतावा पाच हजारांचा आणि बोनस आठ हजारांचा. तरी लोक परताव्यासाठी चार खेपा घालतात आणि बोनसाचे प्रमाणपत्र मागावयास विसरतात.

पॉलिसी रद्द करतानाच कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे लेखी पत्र घ्यावे. त्यात गाडीचा क्रमांक, पॉलिसीचा क्रमांक, बोनसाची टक्केवारी आणि दावा नसल्याचा उल्लेख असावा. गाडी विकली आणि लगेच दुसरी घेतली नाही, तर हा बोनस जुन्या विम्याच्या समाप्तीपासून तीन वर्षांपर्यंत नव्या विम्यास लावता येतो. मात्र मधेच रद्द केलेले अर्धे वर्ष पुढच्या पायरीस मोजले जात नाही. शेवटच्या पूर्ण बारा महिन्यांअखेर जी पायरी मिळाली, तीच राहते.

आता अर्जाविषयी. रद्दीकरण मागील तारखेने सहसा होत नाही. कंपनी अर्ज पोहोचल्याच्या दिवसापासून दिवस मोजते. म्हणून नवी आर.सी. व घेणाऱ्याची पॉलिसी हाती येताच त्याच दिवशी ई-मेलने अर्ज धाडावा आणि कार्यालयात प्रत देऊन पोच घ्यावी. अर्ज मोठा नको. पुढील मजकूर पुरे :

‘माझी मोटार क्रमांक अमुक ही अमुक तारखेस विकली असून, अमुक तारखेस तिची नोंदणी खरेदीदाराच्या नावे झाली आहे. खरेदीदाराने स्वतंत्र विमा उतरविला आहे. माझी पॉलिसी क्रमांक अमुक ही अमुक तारखेपासून रद्द करावी. चालू मुदतीत कोणताही दावा केलेला नाही. ११ जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकाप्रमाणे उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता, त्यावरील करासह, माझ्या बँक खात्यात जमा करावा आणि नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र द्यावे.’

सोबत नव्या आर.सी.ची व घेणाऱ्याच्या पॉलिसीची प्रत, आपली मूळ पॉलिसी, ओळखपत्र आणि एक रद्द केलेला धनादेश जोडावा.

पैसे जमा झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. रद्दीकरणाचे शेरापत्र मागून घ्यावे आणि मुनिमाने खतावणी तपासावी तसे ते तपासावे. पॉलिसी कोणत्या तारखेपासून रद्द झाली, किती दिवस वापरलेले धरले, हप्त्याचे दोन्ही भाग हिशेबात आले काय आणि कर परत मिळाला काय, हे चार आकडे पाहिले की पुरे. आलेली रक्कम हप्त्याच्या चाळीस, तीस अथवा वीस टक्के अशी गोल निघाली, तर जुन्या कोष्टकाने हिशेब झाला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. दिवसांच्या प्रमाणाचा आकडा असा गोल क्वचितच निघतो. रक्कम अपेक्षेच्या सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असेल, तर बहुधा कर राहून गेला आहे.

तफावत आढळल्यास कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास हिशेब मांडून लिहावे. एका महिन्यात उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय हैदराबादेतच, लकडी-का-पूल भागात ए.सी. गार्ड्स येथे आहे. तेथे शुल्क लागत नाही व वकिलाचीही गरज नसते. परंतु कंपनीचे नकाराचे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. अर्जाची पोच, शेरापत्र आणि आपला दिवसांचा हिशेब, हे तीन कागद बरोबर असले, की बोलावे लागते ते थोडेच.

गाडी विकली त्या वर्षाची फाईल निदान काही वर्षे जपून ठेवावी. नव्या आर.सी.ची प्रत तिच्यात सर्वांत वर असावी. परताव्याची रक्कम एकदा खर्ची पडली की विसरली जाते. पण पुढे कधी त्या गाडीच्या नावाने न्यायाधिकरणाची नोटीस दारी आली, तर अपघाताच्या दिवशी मालक आपण नव्हतो, हे तोच एक कागद सिद्ध करील.